रीलमध्ये काकांचा हातच बटणांखाली गेला: उभ्या व्हिडिओत मजकूर आणि चेहरा नेमका कुठे ठेवायचा?

पेठेतली
नमस्कार मंडळी. कसबा पेठेत तांबट आळीत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. अजूनही हातोडीने मठारकाम करतात. तांब्याच्या भांड्यावर एकाला एक लागून ठोके मारत जायचे, की पत्रा घट्ट होतो आणि वर ती चकचकीत टिकल्यांची नक्षी उमटते. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक कमी झालंय, म्हणून मी हौसेने एक ४० सेकंदांची रील केली. काका घंगाळ मठारत बोलतायत. ठोक्यांच्या आवाजात बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून खाली दोन ओळींत सबटायटल दिली आणि शेवटी दुकानाचा फोन नंबर टाकला.

एडिट करताना सगळं छान दिसत होतं. इन्स्टाग्रामवर चढवल्यावर बघते तर सबटायटलची खालची ओळ माझ्याच नावाच्या आणि कॅप्शनच्या खाली गेलेली. त्याहून वाईट म्हणजे हातोडीचा हात बरोबर लाइक, कॉमेंट, शेअरच्या रांगेखाली. मैत्रीण म्हणाली, "काका दिसले गं, पण ते करतायत काय ते कळलं नाही." सगळी रील ज्या हातासाठी केली तोच झाकला गेला.

व्हिडिओ १०८० बाय १९२० आहे. कुठून किती जागा सोडायची? आणि पुन्हा शूट न करता हीच क्लिप वाचवता येईल का? काकांना पुन्हा तेच काम करायला लावणं जिवावर येतंय, ते घंगाळ विकलं गेलं.

डोंगरवाट
इन्स्टामध्ये सेटिंग आहे की. रील टाकताना प्रगत सेटिंगमध्ये जाऊन लाइक लपवता येतात. मी माझ्या ट्रेकच्या सगळ्या व्हिडिओंवर लपवलेत.

पेठेतली
@डोंगरवाट, लगेच करून पाहिलं. फक्त किती लाइक आले तो आकडा जातो. बदाम तिथेच आहे आणि काकांचा हात त्याच्याखालीच आहे.

जुना_एडिटर
आम्ही टीव्हीसाठी एडिटिंग करायचो तेव्हापासून हा नियम आहे. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे जायच्या, आणि प्रत्येक टीव्हीत वेगवेगळ्या. म्हणून एडिटिंगच्या पडद्यावर दोन चौकटी असत. बाहेरची ९० टक्क्यांची, तिच्यात हालचाल ठेवायची. आतली ८० टक्क्यांची, तिच्यात अक्षरं. ताई, तुम्ही आतली चौकट पाळा, म्हणजे चारी बाजूंनी १० टक्के सोडा. डावी-उजवीकडे १०८ पिक्सेल, वर-खाली १९२. काही झाकणार नाही.

रेषा_आणि_अंतर
एडिटर काकांचं बाजूंच्या बाबतीत पटतं, पण खाली १९२ अजिबात पुरणार नाही. टीव्हीत कडा सगळीकडून सारख्या कापल्या जायच्या. इथे कापण्याचा प्रश्न नाही, वर वस्तू ठेवलेल्या आहेत, आणि त्या एका बाजूला जास्त आहेत. त्यामुळे सुरक्षित जागा मधोमध बसलेली चौकट नसते. ती वर आणि डावीकडे सरकलेली असते.

मी जाहिरातींचे व्हिडिओ बसवते, त्यामुळे रोजचा हिशोब सांगते. रील-जाहिरातींसाठी मेटाची सूचना अशी आहे की वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मोकळे ठेवा. १९२० उंचीत वरून सुमारे २७० आणि खालून ६७२ पिक्सेल झाले. म्हणजे वाचायचं आणि बघायचं सगळं २७० ते १२४८ या पट्ट्यात. बाजूंचे ६ टक्के म्हणजे ६५ पिक्सेल, पण बटणांची रांग खालच्या अर्ध्या भागात उजव्या कडेला असते, तिथे ६५ कमी पडतात. मी तिथे १५० च्या आसपास सोडते.

@पेठेतली, एक करा. क्लिप थांबवून त्या फ्रेममध्ये काकांचं नाक, हनुवटी आणि हातोडीचा हात कुठे आहे ते ढोबळ पिक्सेलमध्ये सांगा. मग क्लिप वाचेल का ते बघू.

ढोलपथक_११
हे ३५ टक्के जास्त वाटतात. आमच्या पथकाच्या भरतीची रील होती, सरावाची जागा आणि वेळ खालून ४०० पिक्सेलवर लिहिली होती. माझ्या फोनवर स्वच्छ दिसत होतं, बाकीच्यांनाही दिसलं. एक तृतीयांश व्हिडिओ रिकामा सोडायचा तर दाखवायचं काय?

रेषा_आणि_अंतर
@ढोलपथक_११ तुमचा अनुभव खरा आहे. ३५ टक्के जाहिरातीसाठी आहेत, कारण जाहिरातीत कॅप्शनच्या जोडीला "अधिक जाणून घ्या" सारखं आडवं बटण येतं. साध्या रीलमध्ये ते नसतं, म्हणून तुमची वेळ दिसली. पण तीच रील नंतर पैसे भरून पुढे ढकललीत तर ते बटण येईल, आणि तेव्हा व्हिडिओ बदलता येत नाही.

दुसरं म्हणजे खालच्या मजकुराची उंची ठरलेली नसते. नाव, त्याखाली कॅप्शनची सुरुवात, मग गाण्याचं नाव. ठिकाण जोडलं किंवा कोणाला टॅग केलं की आणखी भर. हे सगळं खालून वर चढत जातं. एका रीलला चाललेलं माप दुसरीला चालेलच असं नाही.

आणि रिकामं कोण सोडायला सांगतंय? खालच्या भागात चित्र असू देच. घंगाळाचा बुडखा, जमीन, काकांचं धोतर. जे झाकलं गेलं तरी काही बिघडत नाही ते.

खिडकीतली
फोनमध्ये अक्षरं मोठी करून वापरणाऱ्यांचाही विचार करा. माझ्या सासऱ्यांच्या फोनवर अक्षरं मोठी आहेत, तिथे माझ्याच रीलचं कॅप्शन माझ्या फोनपेक्षा बरंच वर आलेलं पाहिलं. तांब्याची भांडी घेणारे तर त्याच वयाचे असणार ना?

रेषा_आणि_अंतर
@खिडकीतली हे फार महत्त्वाचं सांगितलंत. म्हणूनच मी साध्या रीललासुद्धा जाहिरातीचंच माप धरते.

शूट करताना लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे. फोनच्या कॅमेऱ्यात नऊ चौकोनांची जाळी चालू करा. खालची आडवी रेघ खालून ३३ टक्क्यांवर असते, म्हणजे आपल्या ३५ च्या जवळजवळ तिथेच. हात, चेहरा, वस्तू त्या रेघेच्या थोडं वर ठेवा. पिक्सेल मोजावे लागत नाहीत.

पेठेतली
मोजलं. डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून धरलंय. काकांचं नाक डावीकडून ४२० आणि वरून ५२०. हनुवटी वरून साधारण ६४०. हातोडी भांड्यावर पडते ती जागा डावीकडून ९३०, वरून १४००. सबटायटल वरून १५५० ते १७०० मध्ये होती.

मी काकांच्या पाठीमागून, थोडं उजवीकडून घेतलंय. ते मान वळवून माझ्याशी बोलतायत.

फिरता_कॅमेरा
मग सोपं आहे! व्हिडिओ आडवा उलटा करा, आरशातल्यासारखा. हात डावीकडे जाईल, बटणं उजवीकडे राहतील. एका टिचकीचं काम.

पेठेतली
@फिरता_कॅमेरा सुचलं होतं, करूनही पाहिलं. मागच्या भिंतीवर दुकानाच्या नावाची पाटी आहे, ती उलटी झाली. आणि काका डावखुरे झाले. त्यांना दाखवलं तर हातातलं काम थांबवून बघत राहिले आणि म्हणाले, "हा मी नाही." तेव्हा ते नको.

जुना_एडिटर
काकांचं बरोबर आहे. कारागिराचा हात उलटवू नये. ज्याला ते काम येतं त्याला चूक लगेच कळते.

रेषा_आणि_अंतर
शिवाय उलटवून उंचीचा प्रश्न सुटला नसताच. हात १४०० वर आहे आणि आपली रेघ १२४८ वर. डावीकडे नेला असता तर बटणांऐवजी कॅप्शनखाली जायची भीती होती.

आता हिशोब. क्लिप ८० टक्के लहान करा. ती ८६४ बाय १५३६ होईल. तिचा डावा-वरचा कोपरा डावीकडून ६० आणि वरून १०० वर ठेवा. हातोडीची जागा ९३० च्या ८० टक्के ७४४, अधिक ६०, म्हणजे ८०४. उंची १४०० च्या ८० टक्के ११२०, अधिक १००, म्हणजे १२२०. १२४८ च्या रेघेच्या आत आली, आणि उजव्या कडेपासून २७६ पिक्सेल लांब. नाक ३९६, ५१६ वर येतं, म्हणजे चेहरा जवळजवळ जागचा हलत नाही.

क्लिप ९२४ ला संपते, तेव्हा उजवीकडे १५६ पिक्सेलची मोकळी पट्टी उरते. बटणं त्या पट्टीवर बसतील. खालीही २८४ उरतात, तिथे नाव आणि कॅप्शन. उरलेल्या जागेत एकच गडद रंग भरा, क्लिपमधल्या भिंतीच्या सावलीतून उचललेला. तीच क्लिप धूसर करून मागे लावायची पद्धत आहे, पण मागे हातोडी हलत राहिली तर लक्ष तिकडे जातं.

हात रेघेपासून फक्त २८ पिक्सेल वर आहे, हे थोडं काठावरचं आहे. क्लिप वरून १०० ऐवजी ६० वर ठेवलीत तर ६८ मिळतील. वरची भिंतच नाव-चिन्हांखाली जाईल, तिचं नुकसान नाही.

खिडकीतली
आणि सबटायटल कुठे?

रेषा_आणि_अंतर
काकांच्या पाठीवर. नव्या मापात हनुवटी ५७२ वर आणि हातोडी ११८० वर येते. मधे सदराच आहे. ७०० ते ८८० या पट्ट्यात दोन ओळी बसवा. वाचताना नजर चेहरा आणि हाताच्या मधेच राहते, तळाशी खेचली जात नाही. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या, सदरा पांढरा असेल तर लागेलच.

शुद्धलेखन_प्रेमी
इथे देवनागरीचं एक सांगायचं आहे. ॲपमधलं ओळींतलं अंतर बहुतेक वेळा रोमन अक्षरांना धरून असतं. आपल्याकडे वरच्या ओळीत खाली उकार लटकतात, आणि खालच्या ओळीत वर वेलांटी, मात्रा, रफार उभे असतात. "ठोकून ठोकून" खाली "वर्तुळ" आलं की ऊकार आणि रफार एकमेकांत घुसतात आणि वाचणारा अडखळतो. ५६ मापाची अक्षरं असतील तर एका ओळीपासून दुसरीपर्यंत ८४ तरी ठेवा. म्हणजे दोन ओळींना पट्टीसकट १८० लागतात. रेषाताईंनी ७०० ते ८८० दिलेत ते नेमके पुरतात. तिसरी ओळ घुसवू नका, वाक्य तोडून पुढच्या सबटायटलमध्ये न्या.

तोडतानाही विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दापासून सुटता कामा नये. "तांब्याच्या" वर आणि "भांड्यावर" खाली चालेल. "भांड्या" वर आणि "वर" खाली असं एका ॲपने माझ्या देखत केलेलं आहे.

ढोलपथक_११
सबटायटल मधोमध की डावीकडून? मी नेहमी मधोमध ठेवतो.

रेषा_आणि_अंतर
मी सुरक्षित चौकटीच्या मधोमध ठेवते, म्हणजे पूर्ण पडद्याच्या मध्यापेक्षा थोडं डावीकडे. उजवीकडे बटणं असल्यामुळे डोळ्याला तेच मधोमध वाटतं.

जुना_एडिटर
मला नाही वाटत. वरच्या अर्ध्या भागात बटणं नाहीत. तिथे डावीकडे सरकलेली ओळ चुकून सरकल्यासारखी दिसते. सबटायटल ७०० वर असेल तर पडद्याच्या मध्यालाच धरा.

रेषा_आणि_अंतर
पण इथे क्लिपच डावीकडे सरकवलीय, एडिटर काका. ओळ पडद्याच्या मध्याला धरली तर ती काकांच्या मध्याला राहणार नाही.

जुना_एडिटर
या क्लिपपुरतं मान्य. एरवी नाही.

डोंगरवाट
आधी चुकीचं सांगितलं त्याबद्दल माफ करा. आता कामाचं विचारतो. माझा फोन लांबुळका आहे, २० बाय ९. काही व्हिडिओंच्या बाजू कापलेल्या दिसतात. हे काय?

रेषा_आणि_अंतर
व्हिडिओ १६ बाय ९ उंच आणि पडदा २० बाय ९. ॲपपुढे दोन मार्ग असतात. खाली काळी पट्टी सोडून व्हिडिओ पूर्ण दाखवायचा, किंवा उंची भरेपर्यंत मोठा करायचा. मोठा केला की १०८० पैकी ८६४ रुंदीच दिसते आणि दोन्ही बाजूंनी १०८-१०८ जातात. एडिटर काकांनी बाजूंना सांगितलेले १०८ इथे योगायोगाने तंतोतंत लागू पडतात. त्यामुळे @पेठेतली, सबटायटल डावीकडून १३० च्या अलीकडे सुरू करू नका.

संगणक_शेजारी
कोणी संगणकावर एडिट करत असेल तर तपासायला ffmpeg या प्रोग्रामची ही आज्ञा चालते. झाकली जाणारी जागा लाल होऊन वेगळी फाइल बनते. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

```
ffmpeg -i ghangal.mp4 -vf "drawbox=x=0:y=0:w=1080:h=270:color=red@0.4:t=fill,drawbox=x=0:y=1248:w=1080:h=672:color=red@0.4:t=fill,drawbox=x=924:y=800:w=156:h=448:color=red@0.4:t=fill" -c:a copy tapas.mp4
```

लाल भागात अक्षर, डोळे किंवा हात दिसले तर हलवा. चढवताना मात्र मूळ फाइलच चढवा, मी एकदा घाईत लाल पट्ट्यांची चढवली होती.

खिडकीतली
फोनवरच काम करणाऱ्यांसाठी माझी पद्धत. एक दुसरं, खासगी खातं ठेवलंय. त्यावर आधी रील टाकते आणि चालू असताना स्क्रीनशॉट घेते. मग एडिटिंग ॲपमध्ये तो स्क्रीनशॉट क्लिपवर फिकट करून पसरते आणि त्याखाली अक्षरं हलवते. टाकण्याआधी ॲप जे दाखवतं त्यावर मी विसंबत नाही, तिथे सगळी बटणं आणि पूर्ण कॅप्शन जागेवर नसतं.

रेषा_आणि_अंतर
छान पद्धत आहे. फक्त जपा: लांब फोनचा स्क्रीनशॉट १०८० बाय २४०० असतो. तो दाबून १९२० मध्ये बसवला तर सगळी बटणं खोट्या जागी दिसतील. स्क्रीनशॉटमधला व्हिडिओचा भाग क्लिपशी जुळवायचा, फोनच्या कडा नाहीत. काकांचं नाक नाकावर आलं की जुळलं.

मिसळ_आणि_मी
हीच रील यूट्यूब शॉर्ट्सला पण टाकायची असेल तर दोनदा एडिट करावी लागेल का?

खिडकीतली
मी करत नाही. तिथेही बटणं उजवीकडे आणि चॅनेलचं नाव, शीर्षक खाली. दोन्हीकडचे स्क्रीनशॉट एकावर एक ठेवून, जो जास्त झाकतो तो धरते. व्हॉट्सॲप स्टेटसला मात्र वर नाव आणि पट्ट्या, खाली उत्तर द्यायची जागा. तिथे वरची अक्षरं आधी तपासा.

शुद्धलेखन_प्रेमी
फोन नंबरचं राहिलं. व्हिडिओतला नंबर दाबून फोन लागत नाही, लोकांना तो कागदावर उतरवून घ्यावा लागतो. कॅप्शनमध्येही द्या म्हणजे निदान वाचता येईल.

मिसळ_आणि_मी
आणि पहिल्या चित्रावर, म्हणजे कव्हरवर, मथळा लिहिणार असाल तर प्रोफाइलच्या जाळीतही बघा. २०२५ च्या जानेवारीत चौरसाऐवजी ३ बाय ४ चे उभे चौकोन आले. १०८० रुंदीला १४४० उंची, म्हणजे वर-खाली २४०-२४० कापले जातात. वरचे २७० सोडलेले असले तर मथळा कापला जात नाही. माझ्या जुन्या कव्हरवर नावं चौरसाच्या हिशोबाने अगदी मधे कोंबलेली आहेत, ती आता वर-खाली मोकळी दिसतात, पण चालतंय.

पेठेतली
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री बसले. क्लिप ८० टक्के, डावीकडून ६०, वरून ६०. मागे भिंतीच्या सावलीचा तपकिरी रंग. सबटायटल ७०० ते ८८० मध्ये, डावीकडून १४० पासून. फोन नंबर शेवटच्या तीन सेकंदांत वरून ३२० वर आणि कॅप्शनमध्येही.

खासगी खात्यावर टाकून माझ्या, आईच्या आणि मैत्रिणीच्या फोनवर बघितली. माझ्या आणि मैत्रिणीच्या फोनवर हात पूर्ण मोकळा. प्रत्येक ठोक्याची टिकली उमटताना दिसते. आईच्या फोनवर अक्षरं मोठी आहेत, तिथे कॅप्शन घंगाळाच्या काठापर्यंत येतं, पण हातोडीला लागत नाही. ते ६० वर ठेवायला सांगितलंत त्याचा तिथे उपयोग झाला.

एकच अडचण राहिली. कॅप्शनमधला "अधिक" दाबला की मजकूर उघडून पार सबटायटलपर्यंत चढतो. त्यावर काही उपाय?

रेषा_आणि_अंतर
त्यावर नाही. ते बघणाऱ्याने स्वतः उघडलेलं असतं. नंबर आणि दुकानाची जागा कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे बहुतेकांना उघडावं लागणार नाही.

जुना_एडिटर
ओळ कुठे धरली शेवटी? पडद्याच्या मध्याला की काकांच्या?

पेठेतली
काकांच्या, एडिटर काका. पुढची क्लिप समोरून घेणार आहे. समोरून घेतलं की उजवा हात आपोआप पडद्यावर डावीकडे येतो, तेव्हा लहानही करायला लागणार नाही. काकांनी नवीन बंब घेतलाय हातात, रविवारी जाळी चालू करून जाते.

जुना_एडिटर
मग तेव्हा ओळ पडद्याच्या मध्याला ठेवून एकदा बघा आणि दोन्ही इथे टाका.